कंसाबाहेरचा दोन

अमोनिअम सल्फेटच्या पन्नास किलोच्या गोणीवर दोन आकडे छापलेले असतात: नत्र 20.5 टक्के आणि गंधक 23 टक्के. ज्या घरात ही गोणी येते, त्याच घरातली नववीतली मुलगी विज्ञानाच्या वहीत या खताचं रेणुसूत्र लिहिते, आणि पुष्कळदा NH₄SO₄ असं लिहून मोकळी होते. अमोनिअम म्हणजे NH₄, सल्फेट म्हणजे SO₄, दोन्ही शेजारी मांडले की झालं, असा तिचा हिशेब. बाई त्यावर लाल काट मारतात आणि (NH₄)₂SO₄ लिहून देतात. मुलगी ते पाठ करते. कंस कशाला आणि कंसाबाहेर दोन कशाला, हे विचारायचं राहूनच जातं.

तो दोन खरा आहे की पुस्तकी, हे गोणीवरच्या आकड्यांवरून ताडून पाहता येतं. त्यासाठी अणूंची वस्तुमानं लागतात, आणि ती नववीच्या पुस्तकात दिलेलीच असतात: हायड्रोजन 1, नायट्रोजन 14, ऑक्सिजन 16, गंधक 32. आधी मुलीचं सूत्र घेऊ. NH₄SO₄ मध्ये एक नायट्रोजन, चार हायड्रोजन, एक गंधक आणि चार ऑक्सिजन, म्हणजे 14 + 4 + 32 + 64 = 114. त्यातलं नत्र 14. टक्केवारी निघते 12.3. गोणी मात्र साडेवीस टक्के म्हणते. आता बाईंचं सूत्र घेऊ. अमोनिअम दोन, म्हणून 36, सल्फेट एक, म्हणून 96, बेरीज 132. नत्र 28. टक्केवारी 21.2, आणि गंधकाची 24.2. गोणीवरचे आकडे याच्या किंचित खाली आहेत, कारण कारखान्यातला माल शंभर टक्के शुद्ध नसतो आणि कायद्याने छापायचा असतो तो किमान आकडा. मुलीचं सूत्र बरोबर असतं, तर पन्नास किलोच्या गोणीतून शेताला सव्वादहा किलोऐवजी जेमतेम सहा किलो नत्र मिळालं असतं. कंसाबाहेरच्या दोनची किंमत एवढी आहे.

हा दोन येतो विद्युतप्रभारातून. आयनिक संयुग म्हणजे धन प्रभार असलेले आणि ऋण प्रभार असलेले कण एकमेकांना ओढून धरतात, त्यातून तयार झालेला पदार्थ. साधं मीठ घ्या. सोडिअमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, म्हणून तो Na⁺. क्लोरिनने एक इलेक्ट्रॉन घेतलेला असतो, म्हणून तो Cl⁻. मिठाच्या खड्यात हे दोघं आलटून पालटून, वर-खाली, मागे-पुढे रचलेले असतात. खड्याकडे बोट दाखवून ‘हा एक सोडिअम आणि त्याचाच हा एक क्लोरिन’ अशी जोडी वेगळी काढता येत नाही. मग NaCl काय सांगतं? फक्त प्रमाण: एकास एक. एकूण प्रभार शून्य व्हायला हवा, आणि तो कमीत कमी किती आयनांत शून्य होतो, एवढंच आयनिक संयुगाचं सूत्र सांगतं. सवयीने आपण त्याला ‘रेणुसूत्र’ म्हणतो, पण मिठात सुटा रेणू नसतोच. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढची अर्धी अडचण उरत नाही.

अमोनिअम, नायट्रेट, सल्फेट हे मात्र एकट्या अणूचे आयन नाहीत. पाठ्यपुस्तकात त्यांना संयुक्त मूलकं म्हणतात. मुलांना खरी धास्ती त्यांचीच वाटते, आणि ती वाटते कारण त्यांचे प्रभार आकाशातून पडल्यासारखे पाठ करायला दिले जातात. प्रत्यक्षात ते मोजता येतात. सल्फेटच्या मधोमध गंधकाचा अणू असतो, त्याच्या केंद्रकात 16 प्रोटॉन. भोवती ऑक्सिजनचे चार अणू, प्रत्येकात आठ, म्हणजे 32. एकूण प्रोटॉन 48. या पाच अणूंच्या गटात इलेक्ट्रॉन मात्र 50 असतात. दोन इलेक्ट्रॉन बाहेरून आलेले आहेत, आणि ते कोणा एका ऑक्सिजनचे नसून साऱ्या गटाचे आहेत. म्हणून SO₄²⁻. नायट्रेटमध्ये 7 आणि 24 मिळून 31 प्रोटॉन, इलेक्ट्रॉन 32, म्हणून NO₃⁻. अमोनिअममध्ये नायट्रोजनचे सात आणि हायड्रोजनचे चार मिळून 11 प्रोटॉन, पण इलेक्ट्रॉन 10 च, म्हणून NH₄⁺. शाळेत भेटणाऱ्या संयुक्त मूलकांत धन प्रभाराचं हे जवळजवळ एकटंच. बाकीची मंडळी, म्हणजे कार्बोनेट CO₃²⁻, हायड्रॉक्साइड OH⁻, फॉस्फेट PO₄³⁻, सगळी ऋण.

या गटांच्या आतले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन घट्ट बांधलेले असतात. खत पाण्यात विरघळलं की अमोनिअम सल्फेटचा खडा फुटतो, पण सल्फेट फुटत नाही. पाण्यात गंधक वेगळा आणि ऑक्सिजन वेगळा असं कधी होत नाही. सगळं बिऱ्हाड एकत्र हलतं. कंस येतो तो यासाठी. (NH₄)₂ म्हणजे NH₄ हा अख्खा गट दोनदा. कंस गाळून NH₄₂ लिहिलं तर वाचणाऱ्याला एका नायट्रोजनला बेचाळीस हायड्रोजन दिसतील. आणि गट मोडून N₂H₈SO₄ लिहिलं तर अणूंची मोजणी चुकत नाही, पण आत अमोनिअम आहे ही खूण पुसली जाते. अमोनिअम नायट्रेटचं उदाहरण याहून बोलकं आहे. प्रभार एक धन, एक ऋण. म्हणून NH₄NO₃, कंस नाही, दोन नाही. त्यातले दोन नायट्रोजन एकत्र करून N₂H₄O₃ असं कुणी लिहीत नाही, कारण ते दोन नायट्रोजन सारखे नाहीत. एक हायड्रोजनच्या संगतीत आहे, दुसरा ऑक्सिजनच्या. अमोनिअमच्या रूपातलं नत्र मातीच्या कणांना धरून राहतं आणि नायट्रेटच्या रूपातलं जास्त पाणी दिलं की निचऱ्याबरोबर वाहून जातं. सूत्र गटागटाने लिहिलं तरच हा फरक कागदावर दिसतो.

आता सूत्र लिहिण्याची रीत. कॅल्शिअम नायट्रेट हे द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या बोलण्यातलं खत. कॅल्शिअम दोन इलेक्ट्रॉन गमावतो, म्हणून Ca²⁺. नायट्रेट NO₃⁻. दोन धन प्रभार फेडायला एक ऋण प्रभाराचे दोन आयन लागतात, म्हणून Ca(NO₃)₂. धन आयन आधी, ऋण आयन नंतर. एकापेक्षा जास्त संयुक्त मूलकं असतील तरच कंस. प्रभाराची धन-ऋण चिन्हं अंतिम सूत्रात राहत नाहीत, कारण ती एकमेकांत फिटलेली असतात.

शाळेत यासाठी संयुजांचा तिरकस गुणाकार शिकवतात. एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहायची आणि दुसऱ्याची पहिल्याच्या खाली. युक्ती चांगली आहे, पण ती प्रभाराचा विचार वाचवते, आणि तिथेच फसवते. मॅग्नेशिअम सल्फेट घ्या. Mg²⁺ आणि SO₄²⁻. तिरकस गुणाकार केला की Mg₂(SO₄)₂ येतं. प्रभार शून्य झाला, पण दोनास दोन म्हणजे एकास एकच, तेव्हा सूत्र MgSO₄. प्रभारांची बेरीज मांडून सुरुवात केली तर हा घोटाळा होतच नाही: दोन धन, दोन ऋण, फिटंफाट. मला वाटतं, तिरकस गुणाकार आधी शिकवू नये. आधी प्रत्येक सूत्रात धन प्रभार किती आणि ऋण किती हे बेरजेने मांडायला लावावं. हात बसला की मग युक्ती सांगावी. ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये Al³⁺ आणि SO₄²⁻ येतात, तेव्हा तीन आणि दोनचा लसावि सहा, म्हणून ॲल्युमिनिअम दोन, सल्फेट तीन, Al₂(SO₄)₃. बेरजेची सवय असलेल्या मुलाला इथे युक्ती आठवावी लागत नाही.

उलट दिशेने, म्हणजे सूत्रावरून नाव सांगताना, एक गोष्ट पहिल्यांदा विचित्र वाटते. नावात आकडे नसतात. Ca(NO₃)₂ ला कॅल्शिअम डायनायट्रेट म्हणत नाहीत आणि Al₂(SO₄)₃ ला डायॲल्युमिनिअम ट्रायसल्फेट म्हणत नाहीत. कार्बन डायऑक्साइडमध्ये डाय लागतो, कारण कार्बन आणि ऑक्सिजन मिळून CO सुद्धा होतं आणि CO₂ सुद्धा. सांगितल्याशिवाय कळणार नाही. कॅल्शिअम आणि नायट्रेट यांना असं स्वातंत्र्यच नाही. प्रभार ठरलेले, म्हणून प्रमाण ठरलेलं, म्हणून नावात त्याची गरज नाही. ज्याला प्रभार ठाऊक आहेत त्याच्यासाठी ‘कॅल्शिअम नायट्रेट’ एवढ्या दोन शब्दांत पूर्ण सूत्र आहे.

नावांची ही शिस्त जुनी आहे. 1787 साली पॅरिसमध्ये गितॉं द मोर्वो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फुर्क्र्वा या चौघांनी रासायनिक नामकरणाची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. त्याआधी पदार्थ सापडलेल्या गावावरून, शोधणाऱ्यावरून किंवा रंगावरून ओळखले जात. नावावरून आत काय आहे ते कळावं, हा या चौघांचा आग्रह होता. शेवटी ‘एट’ असेल तर ऑक्सिजन जास्त, ‘आइट’ असेल तर त्याच मूलद्रव्याबरोबर ऑक्सिजन कमी, ही रीत त्यांच्यापासूनची. सल्फेट SO₄²⁻, सल्फाइट SO₃²⁻. नायट्रेट NO₃⁻, नायट्राइट NO₂⁻. प्रभार तोच, ऑक्सिजन एकाने कमी. आणि सल्फाइड S²⁻ मध्ये ऑक्सिजन मुळीच नाही. सल्फेट, सल्फाइट आणि सल्फाइड यांत कानाला फरक शेवटच्या अक्षराचा आहे, पण सोडिअम सल्फाइडवर आम्ल पडलं तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो आणि सोडिअम सल्फेटवर पडलं तर तसं काही होत नाही. बाटलीवरचं नाव म्हणूनच शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं लागतं. अमोनिआ आणि अमोनिअम ही जोडीही तशीच गोंधळाची. अमोनिआ NH₃ हा नाकात झोंबणारा वायू, प्रभार नाही. त्याला एक H⁺ चिकटला की अमोनिअम NH₄⁺ होतो, आणि तो फक्त संयुगात किंवा द्रावणात असतो. अमोनिअमची बाटली भरून ठेवता येत नाही.

नावात आकडा नसतो, असं म्हटल्यावर डीएपीचं काय, असा प्रश्न कुणीही विचारेल, आणि तो रास्त आहे. डीएपी म्हणजे डायअमोनिअम फॉस्फेट. डाय तर नावातच आहे. इथे फॉस्फोरिक आम्लाचा स्वभाव आड येतो. H₃PO₄ मध्ये तीन हायड्रोजन असतात आणि ते एकेक करून सोडता येतात. एक सोडला की H₂PO₄⁻, दोन सोडले की HPO₄²⁻, तिन्ही सोडले की PO₄³⁻. अमोनिअम यातल्या पहिल्याशी जुळला तर NH₄H₂PO₄, दुसऱ्याशी जुळला तर (NH₄)₂HPO₄. नुसतं अमोनिअम फॉस्फेट म्हटलं तर यातलं कोणतं, हे कळणार नाही. म्हणून पहिल्याला मोनो, दुसऱ्याला डाय. विद्राव्य खतांच्या दुकानात 12:61:0 म्हणून जे मिळतं ते मोनो, आणि 18:46:0 म्हणजे डाय. प्रभाराची बेरीज दोन्हीत शून्यच आहे. बदलला आहे तो फॉस्फेटवर उरलेला हायड्रोजन.

लोखंडाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे, कारण लोखंडाचे आयन दोन. Fe²⁺ आणि Fe³⁺. सल्फेटशी जुळताना पहिल्याचं FeSO₄ होतं, दुसऱ्याचं Fe₂(SO₄)₃. नुसतं आयर्न सल्फेट म्हणून भागत नाही. जुन्या पद्धतीत कमी प्रभाराचं ते फेरस आणि जास्त प्रभाराचं ते फेरिक. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी 1919 मध्ये कंसात रोमन आकड्याने प्रभार लिहायची सूचना केली, तेव्हापासून आयर्न (II) सल्फेट आणि आयर्न (III) सल्फेट असंही लिहितात. सूत्रावरून हा आकडा काढणं सोपं आहे. Fe₂(SO₄)₃ मध्ये तीन सल्फेट, म्हणजे सहा ऋण. ते दोन लोखंडांनी मिळून फेडले आहेत, म्हणून प्रत्येकी तीन. मुलं इथे हमखास खालचा दोन पाहून आयर्न (II) लिहितात. तो दोन लोखंडाच्या आयनांची संख्या आहे, प्रभार नव्हे. प्रभार नेहमी सल्फेटच्या बाजूने मोजत यायचा.

हा फरक डोळ्यांना दिसतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ताजा खडा फिकट हिरवा असतो. त्याचं द्रावण करून उघडं ठेवलं की काही काळाने ते पिवळट, मग तपकिरी दिसू लागतं आणि तळाशी गंजासारखा गाळ बसतो. हवेतल्या ऑक्सिजनने Fe²⁺ चा Fe³⁺ केलेला असतो. डब्यावर फेरस लिहिलेलं असलं तरी आत फेरिक झालेलं असतं. फवारणीसाठी हिराकस आणणाऱ्याने खडा हिरवा आहे का, एवढं पाहून घ्यावं, आणि द्रावण आदल्या दिवशी करून ठेवू नये.

नाव आणि सूत्र नीट वाचता आलं तर काय टळतं, याचं उत्तम उदाहरण ठिबकच्या टाकीत सापडतं. कॅल्शिअम नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं. मॅग्नेशिअम सल्फेटही सहज विरघळतं. दोन्ही पांढरी, दोन्ही विद्राव्य, दोन्ही पिकाला हवी. म्हणून कुणी दोनशे लिटरच्या टाकीत दोन्ही पाच-पाच किलो ओततो. थोड्याच वेळात पाणी दुधाळ होतं, तळाशी पांढरा गाळ बसतो, आणि तेच पाणी व्हेंचुरीतून सोडलं तर फिल्टर आणि ड्रिपर बंद पडू लागतात. खत भेसळीचं निघालं असं वाटतं. खत बहुधा चांगलंच असतं.

टाकीत गेल्यावर दोन्ही खतांचे आयन सुटे होतात. आता पाण्यात चार प्रकारचे कण आहेत: Ca²⁺, NO₃⁻, Mg²⁺, SO₄²⁻. कोण कोणाबरोबर आलं याची त्यांना ओळख नसते. कॅल्शिअमला सल्फेट भेटलं की दोन धन, दोन ऋण, CaSO₄. पाण्याचे दोन रेणू सोबत घेऊन त्याचे स्फटिक बनतात, CaSO₄·2H₂O. हे जिप्सम. जिप्सम एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पाच किलो मॅग्नेशिअम सल्फेटमधल्या सल्फेटपासून साडेतीन किलोच्या आसपास जिप्सम होऊ शकतं. दोनशे लिटर पाणी त्यातलं अर्धा किलो पोटात ठेवतं. उरलेलं तीन किलो तळाला बसतं. आत राहतात मॅग्नेशिअम आणि नायट्रेट, आणि ते विरघळलेलेच राहतात.

हे समीकरणात लिहिताना एक चूक फार होते. नवी जोडी जुळली की तिचं सूत्र पुन्हा प्रभारावरून लिहायचं असतं. जुन्या सूत्रातला आकडा आयनाबरोबर नव्या घरी जात नाही. कॅल्शिअम नायट्रेट आणि पोटॅशिअम सल्फेट एकत्र आले तर मुलं CaSO₄ बरोबर लिहितात, पण दुसऱ्या जोडीचं K₂(NO₃)₂ करतात, कारण आधी K₂ होता आणि (NO₃)₂ होता. पोटॅशिअम एक धन, नायट्रेट एक ऋण, म्हणून KNO₃. आणि तसे दोन तयार होतात, तो दोन सूत्राच्या आधी येतो:

Ca(NO₃)₂ + K₂SO₄ → CaSO₄ + 2KNO₃

यातून टाकीसाठी एक सरळ नियम निघतो. नायट्रेटची आणि अमोनिअमची नेहमीची संयुगं पाण्यात विरघळतात. कॅल्शिअमचं भांडण होतं ते सल्फेटशी आणि फॉस्फेटशी. म्हणून ज्या पिशवीच्या नावात कॅल्शिअम आहे ती एका टाकीत, आणि ज्यांच्या नावात सल्फेट किंवा फॉस्फेट आहे त्या सगळ्या दुसऱ्या टाकीत. पोटॅशिअम नायट्रेट कुठेही चालतं. भरपूर पाण्यात फार थोडं खत असेल तर गाळ बसणारही नाही, कारण जिप्सम दोन-अडीच ग्रॅमपर्यंत विरघळतंच. गोची होते ती घट्ट द्रावणात. शंका असेल तर टाकीच्याच प्रमाणात दोन काचेच्या बाटल्यांत द्रावणं करून ती एकत्र ओतावीत आणि तासभर ठेवून पाहावं. दुधाळ झालं तर उत्तर मिळालं.

वर जिप्समच्या सूत्रात टिंब देऊन 2H₂O आलं, त्याबद्दल थोडं. पुष्कळ आयनिक संयुगं स्फटिक होताना ठरावीक प्रमाणात पाणी अडकवून ठेवतात. मोरचूद म्हणजे CuSO₄·5H₂O. निळा खडा तव्यावर तापवला तर पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी. बाजारातलं मॅग्नेशिअम सल्फेट MgSO₄·7H₂O असतं. पाणी विसरून नुसतं MgSO₄ धरलं तर मॅग्नेशिअम वीस टक्के निघतं, पाण्यासकट धरलं तर पावणेदहाच्या आसपास, आणि पिशवीवर साडेनऊच्या जवळपास आकडा असतो. निम्मा खडा पाणी आहे.

आता शेवटचा आणि सगळ्यांत मजेदार आकडा. कॅल्शिअम नायट्रेटच्या पिशवीवर नत्र 15.5 टक्के लिहिलेलं असतं. कोरडं Ca(NO₃)₂ धरा: 40 + 124 = 164, नत्र 28, टक्केवारी 17. स्फटिकातलं चार रेणू पाणी धरा: 236 पैकी 28, टक्केवारी 11.9. साडेपंधरा कुठेच येत नाही. पिशवी बारकाईने वाचली तर नत्राच्या खाली दोन ओळी सापडतात: नायट्रेटच्या रूपातलं नत्र साडेचौदाच्या आसपास आणि अमोनिअमच्या रूपातलं एक टक्क्याच्या आसपास. कॅल्शिअम नायट्रेटमध्ये अमोनिअम आलं कुठून? शेतीसाठी विकलं जातं ते निव्वळ कॅल्शिअम नायट्रेट नसतंच. ते दुहेरी क्षार असतं:

5Ca(NO₃)₂·NH₄NO₃·10H₂O

प्रभार मोजून पाहा. कॅल्शिअम पाच, म्हणजे दहा धन. अमोनिअम एक, म्हणजे अकरा धन. नायट्रेट दहा आणि एक, म्हणजे अकरा ऋण. फिटलं. वस्तुमान पाच वेळा 164, अधिक 80, अधिक पाण्याचं 180, एकूण 1080. नायट्रोजनचे अणू बारा, म्हणजे 168. भागाकार केला की 15.5 येतं. कॅल्शिअम 200 भागिले 1080, म्हणजे साडेअठरा टक्के, आणि तोही आकडा पिशवीवर असतो. अमोनिअममधल्या एका नायट्रोजनचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास निघतो, म्हणजे तिसरी ओळही जुळली.

हाच पडताळा वाचकांनी 13:0:45 च्या पिशवीवर स्वतः करून पाहावा. तिच्यात पोटॅशिअम नायट्रेट असतं. पोटॅशिअमचं वस्तुमान 39 धरावं, आणि खताच्या व्यवहारात पालाश K₂O च्या रूपात मोजतात हे ध्यानात ठेवावं. शुद्ध KNO₃ साठी नत्र 13.9 आणि पालाश 46.5 टक्के यायला हवं. उत्तर फार वेगळं आलं तर आकडेमोड तपासण्याआधी सूत्रातले प्रभार पुन्हा मोजावेत.